साडेनऊ ते एक: निवृत्तीनंतरचे पहिले पाच आठवडे

तपासनीस

यंत्रभाग बनवणाऱ्या एका कारखान्याच्या गुणवत्ता तपासणी विभागात मी ३१ वर्षे काम केले आणि त्यांतील शेवटची ११ वर्षे त्या विभागाचा प्रमुख होतो. तयार मालाचा कोणताही लॉट माझी सही झाल्याशिवाय दाराबाहेर जात नसे. निवृत्त होऊन आज पाच आठवडे आणि दोन दिवस झाले. पैशांची चणचण नाही, प्रकृती ठीक आहे आणि घरात कलह नाही, हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे चर्चा त्या वाटांना जाणार नाही.

पहिला आठवडा रजेसारखा गेला. ‘निवृत्त झाल्यावर बघू’ असे म्हणत वर्षानुवर्षे बाजूला ठेवलेली कामे चार दिवसांत संपली. ती इतक्या लवकर संपावीत याचेच मला वाईट वाटले, कारण इतकी वर्षे मी मनातून त्यांच्या भरवशावर होतो. दुसऱ्या आठवड्याच्या सोमवारी सकाळी साडेनऊला मी कपडे करून, खिशाला पेन लावून खोलीच्या मध्यभागी उभा होतो आणि आता कोठे जायचे हे मला माहीत नव्हते.

आयुष्यभर नोंदी ठेवण्याची सवय असल्यामुळे मी एक वही केली आणि दिवसाचे अर्ध्या अर्ध्या तासाचे रकाने आखले. सुरुवातीला मी आदल्या दिवसाच्या नोंदी दुसऱ्या दिवशी सकाळी लिहीत असे. त्यात असे दिसले की दुपारी चारनंतरचे मला बरेचसे आठवते, परंतु साडेनऊ ते एक या साडेतीन तासांत आपण काय केले, हे अवघ्या वीस तासांनी सांगता येत नाही. एका मंगळवारच्या त्या सात रकान्यांत फक्त तीन गोष्टी लिहिता आल्या: वर्तमानपत्र, खिडकी आणि पुन्हा वर्तमानपत्र. कामावर असताना याच वेळेत रात्रपाळीने बाजूला काढलेला माल पाहणे, उत्पादन विभागाशी वाद घालणे आणि दुपारच्या गाडीत जाणाऱ्या लॉटवर निर्णय देणे ही तीन कामे असत. दिवसातील जो वेळ सर्वांत भरलेला होता, तोच आता सर्वांत रिकामा झाला आहे.

उपाय म्हणून तिसऱ्या आठवड्यात मी वेळापत्रक केले. दहा ते अकरा वाचन, अकरा ते बारा जुन्या छायाचित्रांची लावणी, बारा ते एक चालणे. ते चार दिवस टिकले. ते मोडले तो क्षण मला नेमका सांगता येतो, कारण तो वहीत आहे. गुरुवारी दहाला मी पुस्तक घेऊन बसलो आणि दहा वाजून वीस मिनिटांनी मनात आले की हे नंतरही वाचता येईल. विचार खरा होता, म्हणून त्याला उत्तर सापडले नाही. कारखान्यात ‘नंतर’ नावाची वेळ उपलब्धच नसे. खाली गाडी उभी असे.

आता दुसरी गोष्ट. माझ्या जागी येणाऱ्या सहकाऱ्याला उपयोग व्हावा म्हणून नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात मी एक यादी केली होती. लोक माझ्याकडे कोणते प्रश्न घेऊन येतात, याची ती यादी. पाच दिवसांत १३५ प्रश्न झाले, म्हणजे दिवसाला सत्तावीस. निवृत्तीनंतरच्या पहिल्या आठवड्यात त्या सहकाऱ्याचे सहा दूरध्वनी आले, दुसऱ्या आठवड्यात दोन आले आणि तिसऱ्यापासून एकही नाही. शेवटच्या दूरध्वनीत त्याने एका लॉटविषयी विचारले होते. भागाचा व्यास मर्यादेच्या अगदी काठावर येत होता आणि मी लॉट रोखायला सांगितले. पुढे एका जुन्या सोबत्याकडून कळले की त्यांनी नवा, मोठा नमुना काढून मोजला, लॉट सोडला आणि गिऱ्हाइकाची तक्रारही आली नाही. निर्णय योग्य होता आणि खुर्चीवर असतो तर मीही तसेच केले असते. तरीही त्या रात्री दोन वाजेपर्यंत मला झोप लागली नाही.

एका अर्जात ‘व्यवसाय’ हा रकाना होता. मी तो कोरा ठेवला. खिडकीपलीकडील व्यक्तीने माझ्याकडे एकदा पाहून, न विचारता, तेथे ‘निवृत्त’ असे लिहिले. तो शब्द मी काय करतो हे सांगत नाही, मी काय करत नाही एवढेच सांगतो. त्याच आठवड्यात एका समारंभात मी स्वतःची ओळख ‘तपासणी विभागात असतो’ अशी करून दिली आणि वाक्य संपताच ‘असायचो’ अशी दुरुस्ती केली. ऐकणाऱ्याचे लक्ष नव्हते. मला मात्र ती दुरुस्ती अजून ऐकू येते.

तर माझा प्रश्न हा आहे की वेळेची पोकळी आणि ओळखीची पोकळी ही दोन दुखणी आहेत की एकच? वेळ भरला की ओळखीचे आपोआप सुटते, असे लोक सांगतात. माझी वही तसे म्हणत नाही.

साधेसरळ

नमस्कार. आपण म्हणता तशी पोकळी बहुतेकदा आर्थिक अनिश्चिततेतून येते. निवृत्तिवेतनाची कागदपत्रे पूर्ण झाली आहेत का, ठेवींवर वारसाची नोंद आहे का आणि आरोग्य विम्याचे नूतनीकरण वेळेवर होते का, हे आधी पाहून घ्यावे. एकदा हे मार्गी लागले की मन शांत होते, असा माझा अनुभव आहे.

तपासनीस

आभारी आहे. ही सर्व कामे पहिल्या आठवड्यातील त्या चार दिवसांत झाली. त्यांपैकी दोन तरी उरली असती तर बरे झाले असते, असे आता वाटते.

सदाउद्योगी

आपले वेळापत्रक चुकले नाही, आपली चिकाटी कमी पडली. मी निवृत्त झाल्यावर पहाटे पाचला उठण्याचा नेम धरला आणि दिवसाचा एकही तास मोकळा ठेवला नाही. आज सात वर्षे झाली. मोकळा वेळ हाच शत्रू आहे. आयुष्यातील धक्क्यांना गुण देणारी एक प्रसिद्ध मोजपट्टी आहे, तिच्यात निवृत्ती दहाव्या क्रमांकावर आहे. आणि काम थांबले की माणूस लवकर जातो, हे तर आपण सर्वांनी आजूबाजूला पाहिलेच आहे. तेव्हा थांबू नका, एवढेच माझे सांगणे.

अवकाश

मी श्रमाचे समाजशास्त्र शिकवत असे आणि स्वतः निवृत्त होऊन नऊ वर्षे झाली आहेत, त्यामुळे दोन्ही बाजूंनी थोडे लिहितो.

तपासनीस यांची वही वाचताना मला १९३०च्या सुमाराची एक पाहणी आठवली. ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारिएनथाल नावाच्या गावातील कापडगिरणी बंद पडली आणि जवळजवळ सारे गाव एकदम बेकार झाले. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल या संशोधकांनी त्या गावाचा अभ्यास करून १९३३ साली तो प्रसिद्ध केला. त्यांनी लोकांना दिवसाच्या तासवार नोंदी भरायला दिल्या. पुरुषांच्या नोंदींत उठणे, दुपारचे जेवण आणि झोपणे एवढे तीन खुंट पक्के असत. मधल्या वेळात काय झाले हे त्यांना सांगता येत नसे. आपले वर्तमानपत्र, खिडकी आणि वर्तमानपत्र हे त्याच जातीचे आहे. संशोधकांनी रस्त्यावरून जाणाऱ्यांची चाल घड्याळ लावूनही मोजली. पुरुष सावकाश चालत आणि वाटेत पुन्हा पुन्हा थांबत. स्त्रिया भराभर चालत आणि क्वचितच थांबत. त्याहून चकित करणारी गोष्ट ग्रंथालयाची होती. वाचायला वेळच वेळ असताना आणि पुस्तकांची फी रद्द केलेली असताना पुस्तके नेण्याचे प्रमाण वाढले नाही, उलट पुष्कळ घटले.

येथे एक मर्यादा सांगितली पाहिजे. ती माणसे बेकार होती, गरीब होती आणि त्यांच्यावर तो प्रसंग लादलेला होता. निवृत्त माणसाची परिस्थिती तशी नसते, म्हणून तो अभ्यास आपल्यावर जसाच्या तसा बेतता येणार नाही. परंतु एका प्रश्नापुरता तो फार उपयोगी आहे: रिकामा तास भरण्यासाठी केवळ वेळ आणि साधने पुरतात का? मारिएनथालच्या ग्रंथालयाचे उत्तर नाही असे आहे. गिरणी त्या स्त्रियांचीही सुटली होती. तरी त्यांच्या तासांना आकार राहिला, कारण घरातील काम संपले नव्हते आणि त्या कामाच्या दुसऱ्या टोकाला भुकेलेली माणसे होती.

याहोडा यांनी पुढे हाच विचार वाढवला. नोकरी पैशांखेरीज आणखी पाच गोष्टी नकळत देते, असे त्यांचे म्हणणे होते: दिवसाला आकार, घराबाहेरच्या माणसांशी संबंध, आपल्या एकट्यापेक्षा मोठ्या अशा कोणत्यातरी उद्दिष्टातील वाटा, समाजातील ओळख आणि नियमित हालचाल. आता आपले वेळापत्रक या पाचांशी ताडून पाहा. वाचन, छायाचित्रे, चालणे. त्यातून आकार आणि हालचाल मिळाली. उरलेल्या तिन्हींचे तेथे नावही नव्हते. सदाउद्योगी यांना मी सांगेन की येथे चिकाटीचा दोष नाही. ज्या तासाची वाट आपल्याखेरीज कोणीही पाहत नाही, तो तास पुढे ढकलण्याविरुद्ध कोणतेही कारण देता येत नाही, आणि तपासनीस यांनी गुरुवारी दहा वाजून वीस मिनिटांनी ते प्रामाणिकपणे ओळखले.

म्हणून आपल्या मूळ प्रश्नाला माझे उत्तर असे आहे की दुखणी दोन आहेत, पण मूळ बहुधा एक आहे. आपल्याला वेळेची उणीव जाणवते ती ‘विचारले जाण्याची’ उणीव आहे. दिवसाचे ते सत्तावीस प्रश्न तुमचे घड्याळही होते आणि तुमचे नावही.

उंबरठा

अवकाश यांनी मारिएनथालच्या स्त्रियांचा उल्लेख केला म्हणून लिहिते. माझे यजमान तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. ते एका मोठ्या कचेरीत लेखा विभाग सांभाळत. पहिल्या महिन्यात ते सकाळी दहा ते एक या वेळात माझ्या मागेमागे असत आणि प्रत्येक कामाला प्रश्न विचारत: हे असेच का, हे आधी का नाही, याची नोंद कोठे ठेवतेस. मला वाटले, इतक्या वर्षांनी यांना माझ्या कामात खोट दिसू लागली. आम्ही त्यावरून दोनदा कडाक्याने भांडलो. तपासनीस यांचे लेखन वाचून आज प्रथमच लक्षात येते की ते तपासत नव्हते. आपल्याला कोणीतरी विचारावे म्हणून आधी स्वतः विचारत होते.

पण याची दुसरी बाजूही येथे नोंदवावीशी वाटते. दहा ते एक हा माझा वेळ होता. घरात कोणी नसे, माझे काम माझ्या क्रमाने चाले आणि शेवटचा अर्धा तास मी काहीही न करता बसत असे. यजमानांची जागा गेली तेव्हा सर्वांनी त्यांची विचारपूस केली. त्यांच्या निवृत्तीने माझा अर्धा तास गेला, त्याची विचारपूस कोणी केली नाही. भुकेल्या माणसांमुळे तासाला आकार येतो, हे खरे असेल. परंतु तो आकार आम्ही निवडलेला नसतो.

रात्रपाळी

मला हा सगळा प्रकारच थोडा परका वाटतो. मी ३४ वर्षे रुग्णालयात परिचारिका होते, अर्धा काळ रात्रपाळीत. निवृत्त झाले त्या दिवशी गजराचे घड्याळ दुसऱ्याला देऊन टाकले आणि त्यानंतर साडेनऊ वाजता मी कोण आहे, हा प्रश्न मला पडला नाही. कोणीही हाक मारत नाही, हेच मला मिळालेले मोठे सुख आहे. दिवसाला सत्तावीस प्रश्न म्हणता. आमच्याकडे एका तासात तेवढे होत आणि चुकीच्या उत्तराची किंमत वेगळी असे. सर्वांनाच विचारले जाण्याची भूक असते, हे मला मान्य नाही.

सदाउद्योगी

अवकाश यांनी गिरणीचे सांगितले, परंतु माझ्या दोन मुद्द्यांना उत्तर दिले नाही. मोजपट्टी खोटी आहे का? आणि माणसे निवृत्तीनंतर लवकर जातात हे खोटे आहे का?

अवकाश

मोजपट्टी खरी आहे. होम्स आणि राहे यांनी ती १९६७ साली मांडली आणि तिच्यातील ४३ घटनांत निवृत्ती ४५ गुणांसह दहाव्या क्रमांकावर आहे, हे आपण बरोबर सांगितले. मात्र त्याच यादीत विवाह ५० गुणांसह सातवा आहे. म्हणजे ती पट्टी दुःख मोजत नाही. घटनेनंतर माणसाला आपले जीवन किती नव्याने बसवावे लागते, याचा लोकांनी दिलेला सरासरी अंदाज ती सांगते. एखाद्या विशिष्ट माणसाला किती त्रास होईल हे त्यातून काढता येत नाही, आणि रात्रपाळी यांचे उदाहरण समोरच आहे.

लवकर जाण्याविषयी अधिक जपून बोलावे लागते. ज्यांची प्रकृती आधीच ढासळलेली असते, अशी पुष्कळ माणसे त्याच कारणाने लवकर काम सोडतात. मग निवृत्तांमध्ये मृत्यू अधिक दिसले, तर दोष निवृत्तीचा की आधीच्या आजाराचा, हे नुसते आजूबाजूला पाहून ठरत नाही. हा फरक काळजीपूर्वक वेगळा काढू पाहणाऱ्या अभ्यासांचे निष्कर्षही एकमेकांशी जुळत नाहीत. म्हणून त्या भीतीपोटी दिवसाचा प्रत्येक तास भरणे मला पटत नाही. सात वर्षे आपण पहाटे पाचला उठता, त्याबद्दल आदर आहे; पण त्या तासांत आपली वाट पाहणारे कोणी आहे का, हे आपण सांगितले नाही.

रात्रपाळी यांचा आक्षेप मला मोलाचा वाटतो आणि माझ्याकडे त्याचे पूर्ण उत्तर नाही. रॉबर्ट ॲचली या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात निवृत्तीचे टप्पे मांडले होते: आधी उत्साहाचा काळ, मग भ्रमनिरास, मग नव्याने दिशा शोधणे आणि शेवटी स्थिरता. हा क्रम सर्वांना आणि याच ओळीने लागू पडत नाही. काहींचा उत्साहाचा काळ वर्षानुवर्षे टिकतो, काहींचा चार दिवसांत आटोपतो. ज्यांच्या कामात अधिकार होता आणि ज्यांच्या कामात केवळ भार होता, त्यांचा अनुभव सारखा नसणार, असा माझा कयास आहे. परंतु परिचारिकेच्या कामात अधिकार नव्हता असे म्हणणेही चूक होईल.

तपासनीस यांना एक गोष्ट विचारायची राहिली. झोप न लागणे त्या एकाच रात्रीपुरते होते का? सलग दोन आठवडे, जवळजवळ रोज आणि दिवसाचा बहुतेक वेळ मन खाली राहिले, आवडीच्या गोष्टींतही रस वाटेनासा झाला आणि त्याबरोबर झोप किंवा भूक बिघडली, तर ते निवृत्तीचे वळण समजून अंगावर काढू नये, डॉक्टरांना दाखवावे. पोकळी जाणवणाऱ्या माणसाला एखादी हाक आली की तो निदान तेवढ्यापुरता उठतो. नैराश्यात बहुधा हाकच नकोशी होते. ही काही पक्की कसोटी नव्हे, पण आपल्या वहीतून पाहता येईल असा फरक आहे.

तपासनीस

झोपेचा प्रश्न त्या रात्रीपुरताच होता. भूक ठीक आहे. वही पुन्हा चाळली तेव्हा असे दिसले की तिसऱ्या आठवड्यात शेजारच्या एका मुलाने तुटलेल्या बिजागरीसाठी हाक मारली होती आणि त्या दिवशीचे साडेदहा ते बारा हे रकाने मी बारीक अक्षरांत, समासापर्यंत भरले आहेत.

अवकाश यांचे उत्तर वाचून मी एक प्रयोग केला. माझ्या एका परिचितांची मुलगी यंत्रशाळेत प्रशिक्षण घेते आणि तिला मोजमापाचा विषय अवघड जातो. तिला मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी दहा वाजता शिकवायचे ठरले. पहिल्या दिवशी मी चाळीस मिनिटे आधीच पोहोचलो, हे कबूल करतो. ती मायक्रोमीटर वापरताना मुख्य दांडाच पिळून जबडे घट्ट करत होती आणि एकाच भागाची तीन वेगवेगळी मापे काढत होती. शेवटच्या टोकाची कळ फिरवून टकटक वाजेपर्यंतच थांबायचे, म्हणजे दाब दरवेळी सारखा राहतो, आणि त्याआधी जबडे पुसून, मिटवून शून्य पाहायचे, हे दाखवल्यावर तिन्ही मापे जुळली. तिने मला अकरा प्रश्न विचारले. मोजायचे नाही असे ठरवूनही मी मोजले.

त्या दिवशी वहीतील सातही रकाने भरले. मात्र बुधवार आणि गुरुवार पूर्वीसारखेच गेले. खरे तर थोडे अधिक वाईट, कारण आता ते शुक्रवारची वाट पाहण्याचे दिवस झाले. शिवाय ती मुलगी सहा महिन्यांनी परीक्षा देऊन मोकळी होईल, तेव्हा मी दुसऱ्यांदा निवृत्त होईन की काय, अशी शंका आहेच.

उंबरठा, आपले लेखन मी पत्नीला वाचून दाखवले. ती म्हणाली, ‘मंगळवार आणि शुक्रवार माझे झाले, आता उरलेल्या दिवसांचे बोला.’ इतके दिवस मी फक्त माझ्या रकान्यांची नोंद ठेवत होतो. त्याच साडेतीन तासांत ती कोठे होती, याची वहीत एकही नोंद नाही.

उंबरठा

त्यांना माझा नमस्कार सांगावा. आमच्याकडे यजमान आता सोमवार ते गुरुवार सकाळी एका संस्थेचे हिशेब विनामोबदला पाहतात. शुक्रवारचे भांडण अजून चालू आहे.

रात्रपाळी

आपण त्या मुलीला परीक्षेनंतर काय होईल ते आत्ताच विचारू नये, एवढे सांगते. आमच्याकडे बरे होऊन घरी जाणारा रुग्ण आम्हाला विसरला, तरच काम नीट झाले असे आम्ही समजत असू. मला ते जमत असे. कदाचित म्हणूनच मला साडेनऊचा त्रास झाला नाही. तुम्हाला जमेल की नाही, ते मला सांगता येणार नाही.